दोन लाखांच्या बिलाचे सव्वा लाख कसे होतात?

हॉस्पिटलचं दोन लाखांचं बिल लावलं आणि विमा कंपनीकडून सव्वा लाखच आले, की घरात पहिला संशय ग्लोव्ह्ज, मास्क आणि डायपरवर जातो. अशा वस्तू बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत, हे खरंच. पण त्यांच्यापायी पाऊण लाख सहसा जात नाहीत. एवढी मोठी कपात दिसली तर आधी खोलीचं भाडं बघावं.

अनेक मेडिक्लेम पॉलिसींत रोजच्या खोलीभाड्याला मर्यादा असते, बऱ्याचदा विमा रकमेच्या एक टक्का. पाच लाखांची पॉलिसी असेल तर रोज पाच हजार. समजा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आपण आठ हजारांच्या खोलीत चार दिवस राहिलो. फरक दिवसाला तीन हजारांचा, म्हणजे बारा हजार खिशातून जातील, असा आपला हिशेब. कंपनी मात्र म्हणते, तुमचा हक्क आठातल्या पाच भागांचा, तेव्हा बाकीचं बिलही त्याच प्रमाणात देऊ. कारण असं, की बऱ्याच हॉस्पिटलांत खोली महाग घेतली की सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा दरही चढतो. हे ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. पॉलिसीत लिहिलेलं असेल तर त्यात बेकायदा काही नाही.

भानगड पुढे आहे. विमा नियामक आयआरडीएआयने 2020 साली ही कपात कशाला लावायची नाही, ते ठरवून दिलं: औषधं व वापरून टाकायचं साहित्य, शरीरात बसवलेली इम्प्लांट्स व उपकरणं, आणि तपासण्या. आयसीयूच्या भाड्यालाही ती लागत नाही. आपल्या पॉलिसीच्या मजकुरात ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ची व्याख्या शोधली की हे सापडतं.

आता ते दोन लाख फोडून बघू. खोलीभाडं 32,000. सर्जन, भूल आणि थिएटर मिळून 96,000. औषधं, हर्नियाची जाळी आणि तपासण्या मिळून 72,000. नियमाप्रमाणे भाड्याचे 20,000, डॉक्टर-थिएटरचे 60,000 आणि शेवटचे 72,000 पूर्ण, असे 1,52,000 मिळायला हवेत. सगळ्या बिलाला सरसकट आठात पाच लावले तर येतात 1,25,000. म्हणजे 27,000 रुपये कंपनीकडे राहिले. ही चूक मुद्दाम होते की आळसाने, कोण जाणे. बिलाची फोड मागितल्याशिवाय ती दिसत नाही, एवढं नक्की.

म्हणून ‘माझा क्लेम कमी का दिला?’ असं मोघम पत्र पाठवू नये. त्याला तसंच मोघम उत्तर येतं: ‘पॉलिसीच्या अटींनुसार.’ क्लेम नंबर घालून बिलातल्या प्रत्येक ओळीसमोर किती मागितले, किती मंजूर, किती कापले आणि कोणत्या कलमाखाली, असा तक्ता मागावा. क्लेम अंशतः नाकारताना पॉलिसीच्या नेमक्या अटीचा हवाला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तक्ता हाती आला की वरच्यासारखा आपला हिशेब जोडून उरलेली रक्कम आकड्यात मागावी. ‘27,000 रुपये द्यावेत’ या वाक्याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं.

तक्त्यात कधी ‘कागद अपुरे’ असा शेराही निघतो. जाळीचं बिल आहे पण पाकिटावरचा स्टिकर नाही, औषधाची पावती आहे पण चिठ्ठी नाही. ही कपात सर्वांत सोपी. कागद हॉस्पिटलातून काढून पुन्हा द्यायचे.

उरलेल्या 36,000 चंही, म्हणजे डॉक्टर-थिएटरच्या कपातीचंही, लगेच पाणी सोडू नये. खोली कोणतीही घेतली तरी ऑपरेशनचा दर एकच, असं काही हॉस्पिटलांत असतं. तिथे प्रमाणात कपात करण्याला आधारच उरत नाही. बिलिंग विभागाकडून लेटरहेडवर तसं लिहून घ्यावं, किंवा छापील दरपत्रक मिळालं तर तेच जोडावं. पण दर खोलीप्रमाणे बदलत असतील तर तो पैसा गेला. त्यासाठी भांडून उपयोग नाही. आणि खोलीभाड्यातले बारा हजार तर कुठल्याच वाटेने येत नाहीत.

पत्र टीपीएकडे नाही, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायला हवं. टीपीए कागद तपासतो, देणं कंपनीचं असतं. ‘फुल अँड फायनल’ व्हाउचरवर सही झाली म्हणून जास्त मागण्याचा हक्क जात नाही, हे नियामकाने 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील नाही. 50 लाखांपर्यंतच्या मागण्या तिथे चालतात आणि कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. तोच वाद ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर मात्र लोकपाल तो घेत नाहीत.