ताप उतरला, नाडी मंदावली

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटे ठेवा आणि घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. स्वस्थ बसलेले असताना ते बहुधा 60 ते 100 च्या दरम्यान भरतील. हा आकडा वहीत टिपून ठेवा. ताप आल्यावर तो उपयोगी पडतो.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठोक्याचा विद्युत्-इशारा तेथून निघतो. शरीर तापले की या पेशींतील क्रिया वेगाने होतात आणि ठोके वाढतात. तापमान 1 अंश सेल्सियसने वाढले, तर मिनिटाला साधारणपणे 8 ते 10 ठोके वाढतात, असा वैद्यकातला जुना आडाखा आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पावसाळ्यात रेवदंड्याच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला. एरवी त्याची नाडी 72 असते. दुसऱ्या दिवशी ताप 40 अंश, म्हणजे नेहमीपेक्षा 3 अंश जास्त. आडाख्याप्रमाणे नाडी शंभराच्या आसपास हवी. मोजली तर भरली 78! तापाच्या मानाने नाडी अशी मागे राहणे डेंग्यूत पुष्कळदा आढळते. विषमज्वर, भातखाचरांच्या चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांतही ते दिसते. म्हणून एवढ्यावरून रोग ओळखता येत नाही; त्यासाठी रक्त तपासावेच लागते. शिवाय लहान मुलांची नाडी मुळातच जलद असल्याने त्यांना हा हिशेब लावत नाहीत. नाडी मागे का राहते, याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही. शरीराच्या दाहक्रियेत तयार होणारी द्रव्ये त्या पुंजक्यावर परिणाम करत असावीत, असा तर्क आहे.

पाचव्या दिवशी मुलाचा ताप उतरला. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण डॉक्टर आता अधिक सावध झाले. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारासच सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू शकतो. हा धोक्याचा काळ एक-दोन दिवसांचा असतो. वाहिन्यांतले द्रव कमी झाले, की हृदय जलद धावून तूट भरू पाहते. अंग गार असून नाडी 120 आणि क्षीण, रक्तदाब 100/84, असे दिसले तर? दोन आकड्यांतला फरक फक्त 16 आहे. तो 20 किंवा त्याहून कमी झाला, की रोगी अत्यवस्थ होऊ लागला असे समजतात आणि लगेच उपचार करतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, रक्तस्राव किंवा ग्लानी ही लक्षणे दिसली, तरी रुग्णालय गाठण्यात वेळ घालवू नये. आपल्या मुलाची नाडी होती 66 आणि दाब 108/70. फरक 38, म्हणजे ठीक.

सातव्या दिवशी त्याला भूक लागली, पण नाडी 48 वर आली. घरचे घाबरले. डेंग्यूतून बरे होताना नाडी अशी मंदावणे नेहमीचे आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत ते निरुपद्रवी असते. तरीही एक शंका दूर करावी लागते. हृदयाच्या स्नायूलाच सूज आली नाही ना? हाच हृत्स्नायुदाह.

त्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या. ईसीजीच्या कागदावर वरच्या कप्प्याच्या प्रत्येक लहान उंचवट्यामागून खालच्या कप्प्यांची मोठी लाट वेळेवर येत होती. म्हणजे इशारा वाटेत अडकत नव्हता. रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले नव्हते. हे प्रथिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरते. ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेतले, तेव्हा डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी 60 टक्के प्रत्येक ठोक्याला बाहेर पडत होते. हे प्रमाण निरोगी हृदयाचे आहे. मुलाला खोलीत चालवले, तर नाडी 70 पर्यंत चढली. नाडी मंद होती, पण गरजेला धावत होती. औषध काहीच लागले नाही. दोन आठवड्यांत ती पूर्ववत झाली.

हेच प्रमाण 35 टक्के निघाले असते, तर सारे बदलले असते. दुबळ्या हृदयाला शिरेतून दिलेले सलाइन झेपत नाही. बाहेर झिरपलेला द्रवही याच काळात वाहिन्यांत परततो. दोहोंचा भार पडून फुप्फुसांत पाणी साचू शकते. अशा वेळी सलाइन मोजून-मापून देतात, ईसीजी सतत पडद्यावर पाहतात आणि चित्र पुन्हा पुन्हा काढतात. बरे वाटले, तरी साधारण तीन ते सहा महिने कबड्डी, धावणे, पोहणे बंद! सुजलेल्या स्नायूवर जोराचा ताण पडला, तर ठोक्यांची लय एकाएकी बिघडून जीव जाऊ शकतो.

म्हणून डेंग्यूनंतर मैदानावर उतरण्याची घाई करू नका. छातीत दुखले, जिना चढताना धाप लागली, घेरी आली किंवा छातीत धडधडले, तर डॉक्टरांकडे जा. जाताना वहीतला तो आकडाही सोबत न्या. 48 ही नाडी तुमच्यासाठी किती मंद आहे, हे त्यावरूनच ठरते.