०२१७ मधलं शून्य जातं कुठे?

गैरसमज: एक्सेल आपल्या पिनकोडातलं शून्य खातं.

वस्तुस्थिती: भारतीय पिनकोड शून्याने सुरूच होत नाही. सोलापूरचा ४१३००१ एक्सेलमधून जसाच्या तसा बाहेर येतो. टॉवेल-चादरी अमेरिकेला पाठवणाऱ्याने मात्र जपावं. न्यू जर्सीतल्या एडिसनचा ०८८१७ हा कोड ८८१७ होऊन बसतो. आपल्याकडे खरा फटका बसतो तो लँडलाइनला. सोलापूरचा ०२१७ आणि पुढचे सात आकडे मिळून अकरा होतात. शून्य गळलं की उरतात दहा, म्हणजे मोबाइल नंबराइतकेच, आणि चूक नजरेतून सुटते.

गैरसमज: सीएसव्ही फाइलमध्येच शून्य नव्हतं.

वस्तुस्थिती: सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, शून्य जागेवर असतं. डबल क्लिक केलं की एक्सेल फक्त आकडे असलेला मजकूर संख्या समजतं, आणि संख्येआधीच्या शून्याला किंमत नसते. नंबर अवतरणचिन्हांत असला तरी हेच होतं. फाइल मात्र अजून शाबूत असते; शून्य कायमचं जातं ते सेव्ह केल्यावर. म्हणून चूक दिसताच सेव्ह न करता बंद करा.

गैरसमज: नंतर कॉलम `Text` केला की शून्य परत येतं.

वस्तुस्थिती: येत नाही. `Text` हे आधी सांगावं लागतं. कोरी वर्कबुक उघडून `Data` मध्ये `From Text/CSV` निवडा, फाइल दाखवा आणि `Data Type Detection` खाली `Do not detect data types` घ्या. सगळे कॉलम मजकूर म्हणून येतात. अशी शीट पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तरी शून्य टिकतं. खात्री करायची ती नोटपॅडमध्येच, कारण एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडून पाहिलं तर ते पुन्हा गेलेलं दिसेल.

गैरसमज: गेलेलं शून्य सूत्राने केव्हाही लावता येतं.

वस्तुस्थिती: सोलापूरच्या नंबरांना लावता येतं. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. त्यामुळे २ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर लँडलाइनचाच. नंबर `A2` मध्ये असेल तर शेजारच्या कॉलममध्ये हे लिहा:

```
=IF(AND(LEN(A2)=10,LEFT(A2,1)="2"),"0"&A2,A2&"")
```

एसटीडी कोड न लिहिलेले सात आकडी नंबर यात तसेच राहतात. पुण्याचा ०२० आणि मुंबईचा ०२२ यांनाही हेच सूत्र चालतं. नागपूरला चालत नाही. तिथल्या ०७१२ चं शून्य गेलं की ७१२ ने सुरू होणारे दहा आकडे उरतात, आणि तो मोबाइल की लँडलाइन हे पहिल्या आकड्यावरून ठरवता येत नाही. यादीत नागपूरचे ग्राहक असतील, तर मूळ सीएसव्ही शोधून ती नव्याने आत घेणंच बरं.