फिट एक, औषधं अनेक

सतरा वर्षांची एक मुलगी घेऊ. बारावीचं वर्ष, रात्री दीडपर्यंत अभ्यास, सकाळी साडेसहाला क्लास. सकाळी उठल्यावर तिच्या हातून कप निसटतो, कधी कंगवा उडतो, कधी चहा अंगावर सांडतो. घरचे म्हणतात, झोप झाली नाही म्हणून धांदरटपणा होतोय. मग एके दिवशी न्हाणीघरातून बाहेर येताना ती कोसळते, हातपाय ताठ होतात, मग झटके, दातांखाली जीभ चावली जाते. दवाखान्यात घरचे त्या एका मोठ्या फिटबद्दल सगळं सांगतात. कपाबद्दल कोणी काही बोलत नाही, कारण त्याचा याच्याशी संबंध असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

डॉक्टर कार्बामाझेपिन सुरू करतात. फिटचं नावाजलेलं औषध आहे आणि अनेकांना त्याचा उत्तम गुण येतो. या मुलीचे सकाळचे झटके मात्र त्यानंतर वाढतात. आधी आठवड्यातून एकदोनदा हात उडायचा, आता रोज उडतो. औषध कमी पडतंय असं समजून डोस वाढवला, तर झटके आणखी वाढतात. हे मी रचलेलं चित्र आहे, पण अपस्माराच्या ओपीडीत बसणारा कोणीही डॉक्टर ते लगेच ओळखेल.

मुलीचा आजार आहे किशोरवयात सुरू होणारा मायोक्लोनिक अपस्मार. डीटर जान्झ या जर्मन डॉक्टरांनी 1957 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. साधारण बारा ते अठरा या वयात तो सुरू होतो. झोपेतून उठल्यावर पहिल्या तासाभरात खांद्याला-हाताला विजेसारखे हिसके बसतात, त्या वेळी शुद्ध हरपत नाही. जागरण झालं की ते वाढतात. ईईजीवर मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी, सेकंदाला चार ते सहा अशा गतीने टोकदार लाटांचे झुबके दिसतात. ‘दोन्ही बाजूंना एकाच वेळी’ हे महत्त्वाचं आहे, कारण औषध कोणतं द्यायचं ते तिथूनच ठरतं.

काही फिट मेंदूच्या एका कोपऱ्यातून सुरू होतात. तिथे जुनी इजा असेल, दूषित अन्नपाण्यातून पोटात गेलेल्या जंताच्या अंड्यामुळे झालेली गाठ असेल, नाहीतर लहानपणचा व्रण असेल. अशी फिट एका जागी सुरू होऊन पसरते. दुसऱ्या प्रकारात मेंदूचं बाहेरचं आवरण आणि खोलवर असलेलं थॅलॅमस नावाचं केंद्र यांच्यातलं सगळं जाळंच एकदम तालात धडकू लागतं. बाहेरून दोन्हींचा शेवट सारखाच दिसू शकतो: माणूस जमिनीवर पडलेला, तोंडाला फेस. आतलं यंत्र मात्र वेगळं असतं.

कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि ऑक्सकार्बाझेपिन ही औषधं चेतापेशीच्या सोडियमच्या दारांवर काम करतात. पेशी संदेश पाठवते तेव्हा ही दारं उघडतात, सोडियम आत शिरतं आणि दार आपोआप क्षणभर अडकून बसतं. त्या क्षणात ते पुन्हा उघडत नाही. औषध हा अडकलेला क्षण लांबवतं. नेहमीच्या गतीने काम करणाऱ्या पेशीला त्याची फारशी जाणीवही होत नाही, कारण तिच्या दोन संदेशांमध्ये पुरेसा वेळ असतो. सेकंदाला शेकडो संदेश सोडणारी वेडावलेली पेशी मात्र थांबते. म्हणून एका कोपऱ्यातून सुरू होणाऱ्या फिटवर ही औषधं इतकी नेमकी चालतात, आणि माणूस शुद्धीवर राहून कामही करू शकतो.

थॅलॅमसच्या तालबद्ध लाटांमागे वेगळं यंत्र आहे. तिथे टी जातीची कॅल्शियमची दारं असतात आणि ती पेशी शांत असताना पुन्हा वापरायला तयार होतात. म्हणजे पेशीला जरा दाबून ठेवलं, की पुढच्या झुबक्याची तयारीच होते. शाळकरी मूल वर्गात दहा सेकंद एकटक बघत राहतं आणि मग काही झालंच नाही असं पुढे लिहू लागतं, ती ॲबसन्स फिट याच यंत्रातून येते. त्या एकाच प्रकारासाठी इथोसक्सिमाइड आहे. ते ही कॅल्शियमची दारं बंद करतं, बाकीच्या मोठ्या फिटवर त्याचा उपयोग नाही. उलट, मेंदूतला शांत करणारा गाबा हा पदार्थ वाढवणारी व्हिगाबॅट्रिन आणि टायगाबिन ही औषधं ॲबसन्स वाढवतात. शांत करणारं औषध झटके वाढवतं हे विचित्र वाटतं, पण थॅलॅमसची ही सवय लक्षात घेतली की कोडं सुटतं. कार्बामाझेपिनही ॲबसन्स आणि सकाळचे हिसके दोन्ही बिघडवू शकतं.

आता त्या मुलीकडे परत येऊ. निदान बदललं, तर कार्बामाझेपिन थांबवायचं. पण ते एका दिवसात बंद करायचं नाही, नाहीतर फिट एकामागून एक येऊ शकतात. नवं औषध सुरू करून जुनं हळूहळू उतरवायचं. नवं कोणतं, हा प्रश्न मात्र अवघड आहे.

सगळ्यांत प्रभावी उत्तर व्हॅल्प्रोएट आहे. त्याचा शोध लागला तोही योगायोगानेच. 1962 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे पिएर आयमार हे संशोधक दुसऱ्याच काही पदार्थांची फिटवर चाचणी घेत होते, आणि ते पदार्थ विरघळवण्यासाठी व्हॅल्प्रोइक ॲसिड वापरत होते. प्रत्येक पदार्थाने फिट थांबत होती, म्हणून शंका आली की काम करणारा विद्राव्य पदार्थ नसून द्रावकच असावा. ते खरं निघालं. व्हॅल्प्रोएट सोडियमची दारंही सांभाळतं, गाबाही वाढवतं आणि आणखी काही करतं, त्यामुळे जवळपास सगळ्या प्रकारच्या फिटवर चालतं. ब्रिटनमधल्या सॅनॅड-दोन या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या अपस्मारात पहिलं औषध म्हणून व्हॅल्प्रोएट लेव्हेटिरासिटामपेक्षा सरस ठरलं.

तरीही सतरा वर्षांच्या मुलीला ते सहज लिहून देणं योग्य नाही. गरोदरपणी आई व्हॅल्प्रोएट घेत असेल तर शंभरातल्या साधारण दहा बाळांमध्ये मोठं जन्मजात व्यंग आढळतं. त्यात मणक्याचं नळीसारखं आवरण न जुळणं हे विशेष. शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांमध्ये बोलणं, शिकणं, वागणं यांत उशीर किंवा अडचण दिसते. ही इजा गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होऊ शकते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येण्याच्या आधी. ‘लग्न ठरलं की औषध बदलू’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. शिवाय वजन वाढणं, केस गळणं, हात थरथरणं, पाळी अनियमित होणं हे त्रास आहेतच. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये, विशेषतः काही जन्मजात दोष असतील तर, ते यकृत गंभीर बिघडवू शकतं. मुलग्यांना व पुरुषांनाही ते देताना डॉक्टर आता अधिक जपून विचार करतात.

मग मुलीला लेव्हेटिरासिटाम दिलं जातं. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ 250 मिलिग्रॅम, पुढे 500. ते ना सोडियमच्या दारावर बसतं ना गाबावर. चेतापेशी ज्या छोट्या पिशव्यांतून रसायन सोडतात त्यांच्यावरच्या एसव्ही-टू-ए या प्रथिनाला ते चिकटतं. यकृताला फारसा त्रास नाही, इतर औषधांशी भांडण नाही, आणि बरंचसं लघवीवाटे निघून जातं. सकाळचे हिसके थांबतात. पण तीन आठवड्यांनी आई सांगते, पोरगी बदललीय, शब्द टाकला की भडकते, रडते, दार आपटते. घरातल्यांना वाटतं परीक्षेचा ताण. असा राग, चिडचिड आणि उदासी हा या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे, पण विचारलं नाही तर कोणी सांगत नाही. ‘स्वभाव बदललाय का’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत घरच्यांना विचारून ठेवायला हवा, आणि जीव नकोसा झाल्यासारखं काही ती बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं.

इथे तिसरा पर्याय येतो, लॅमोट्रिजिन. हेही सोडियमच्या दारावर बसतं, पण त्याचा पल्ला कार्बामाझेपिनपेक्षा रुंद आहे. मन शांत ठेवतं, वजन वाढवत नाही आणि गर्भासाठी व्हॅल्प्रोएटपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. फक्त काही जणांचे हिसके त्याने वाढू शकतात, हे लक्षात ठेवून पहिल्या महिन्यात नोंद ठेवावी लागते. दुसरी अट घाई न करण्याची. एकटं घेत असेल तर पहिले दोन आठवडे रोज 25 मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे 50, मग सावकाश वाढ. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लॅमोट्रिजिन शरीरात जवळपास दुप्पट वेळ साचून राहतं, म्हणून तेव्हा 25 मिलिग्रॅम एक दिवसाआड. ही पायरी गाळली की अंगावर पुरळ येण्याचा धोका वाढतो. बहुतेक वेळा ते साधं असतं, पण कधी कधी स्टीव्हन्स-जॉन्सन या भीषण रूपात जातं: ताप, डोळे लाल, तोंडात-ओठांवर फोड, कातडी सोलणं. पहिल्या दोन महिन्यांत पुरळ दिसलं की गोळी स्वतःच पुढे चालू ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. असंच पुरळ कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइननेही येऊ शकतं.

फेनिटॉइनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण स्वस्त असल्याने ते आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू असतं. यकृत त्याची ठरावीक मात्राच एका वेळी मोडू शकतं. त्या मर्यादेजवळ पोचल्यावर रोजच्या 300 मिलिग्रॅममध्ये जरा भर घातली की रक्तातलं प्रमाण जरा नव्हे, झपाट्याने वाढतं. मग चालताना झोक जातो, डोळे थरथरतात, एकाचे दोन दिसतात. फिट वाढली म्हणून डोस आणखी वाढवला तर माणूस अंथरुणाला खिळतो. हिरड्या सुजून दातांवर चढणं ही याची दुसरी ओळख, आणि पाहून ओळखणारा बऱ्याचदा दंतवैद्य असतो.

मुलगी आता पंचवीसची आहे, लॅमोट्रिजिनवर ठीक आहे, लग्न झालं आहे. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर येऊ शकतं, हे तिला ठाऊक हवं. गोळी सुरू केली आणि अचानक सकाळचे हिसके परत आले तर कारण तिथे शोधायचं. गरोदर राहिल्यावरही शरीर हे औषध भराभर बाहेर टाकतं, त्यामुळे रक्ततपासणीच्या आधारे डोस टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो, आणि गर्भधारणेपूर्वीच सुरू केलेलं फॉलिक ॲसिड चालू ठेवायचं. बाळंतपणानंतर शरीर पूर्वपदावर येतं तेव्हा वाढवलेला डोस जास्त होतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो उतरवत आणला नाही तर बाळाला मांडीवर घेताना तिला चक्कर येईल आणि एकाचे दोन दिसतील.