पत्नीची ‘पली’ होते तेव्हा

अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर विचारलं, “मामा, आपल्याकडे पली हे नाव फार चालायचं का? तीन पिढ्यांत चौघी पली सापडल्या.”

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत खिळ्यांच्या छपाईचा, पिवळा पडलेला. त्याची पानं स्कॅन करून, संगणकाकडून अक्षरं ओळखून घेऊन, तो मजकूर भाच्याने भाषांतर करणाऱ्या प्रणालीत टाकला होता. इंग्रजी अगदी सफाईदार उतरलं होतं. मूळ पान उघडल्यावर कोडं सुटलं. तिथे ‘पत्नी सरस्वती’ होतं. जुन्या ठशातला ‘त्न’ शाई पसरली की ‘ल’सारखा दिसतो. तेव्हा पत्नीची पली झाली, आणि भाषांतरात पली हे बाईचं नाव ठरलं. ‘प्रयत्न’चं ‘प्रयल’ होतं तेही याच कारणाने.

देवनागरीत शिरोरेषा अक्षरं एकत्र बांधते आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एक अक्षर कुठे संपलं हे यंत्राला सहज कळत नाही. ते आकार पाहतंच, शिवाय शिकलेल्या मजकुरावरून पुढे काय येण्याचा संभव आहे तेही धरतं. म्हणून त्याच्या चुका कधी कधी फार साळसूद असतात. ‘विघालय’ निदान डोळ्याला खटकतं. तिथे ‘द्य’चा ‘घ’ झाला आहे. ‘द्वितीय पुत्र’चा ‘हितीय पुत्र’ झाला तरी लक्षात येतं. पण ‘कार्य’वरचा रफार उडून ‘काय’ उरलं, किंवा ‘मार्ग’चा ‘माग’ झाला, तर शुद्धलेखन तपासनीसही काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. रफार म्हणजे शिरोरेषेवरची जेमतेम एक रेघ. फिकट पानावर ती धूळ समजून पुसली जाते.

आमच्या पुस्तकात सगळ्यात मजेदार घोटाळा घातला तो अर्ध्या ‘र’ने. भाषांतरात होतं की एका लग्नात घराण्यातल्या ‘विद्वान गुरूंना’ शंभर रुपये आणि धोतरजोडी मिळाली. मूळ वाक्य ‘आचाऱ्यांना’ असं होतं. म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना! यंत्राने ते ‘आचार्यांना’ असं वाचलं. हा आडवा, पापणीसारखा ‘र’ मराठीत नेहमीचा. आजच्या हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून हिंदीचा संच निवडून मराठी पान वाचलं की तो हमखास बिघडतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन दरीचा समुद्र होण्याची वाटही हीच. टेसरॅक्ट ही मोफत प्रणाली वापरत असाल, तर भाषा मराठीच सांगावी:

```
tesseract pan31.png pan31 -l mar
```

स्कॅन 300 डीपीआयचं आणि करड्या छटांचं असावं. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात ‘द्य’च्या पोटातली फट बुजते. हाताने लिहिलेल्या पानांसाठी मात्र ही वाट धरू नये.

पुढचं काम भाषांतराआधीच करायचं. इंग्रजीत चूक शोधणं म्हणजे पुरणात खडा शोधण्यासारखं, कारण तिथे वाक्य गुळगुळीत झालेलं असतं. मी मराठी मजकुरात ‘पली’, ‘प्रयल’, ‘हितीय’, ‘विघा’, ‘ईश्चर’ हे शब्द शोधले. शेवटच्यात ‘श्व’चा ‘श्च’ झालेला असतो, आणि ‘पश्चिम’चं ‘पश्विम’ ही त्याची उलटी बाजू. मग ज्या ज्या ठिकाणी ‘र्या’ होतं ते सगळं मूळ पानाशी ताडून पाहिलं. अर्धा ‘र’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एक ‘ऱ’पासून आणि दुसरा ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून, त्यामुळे दोन्ही तऱ्हांनी शोधावं लागलं. तरीही नावं निसटतात, कारण कोणत्याही शब्दकोशात ती नसतात. त्यासाठी जुन्या छापखान्याची रीत उपयोगी पडली: बायकोने मूळ पानावरून मोठ्याने वाचलं, मी पडद्यावर बोट फिरवत गेलो. एका पानाला दहा मिनिटं लागली, पण दत्तक गेलेल्या मुलाचा ‘दतक’ त्यातूनच सापडला.

एका आज्जींच्या माहेरचं आडनाव अजून अडलेलं आहे. ‘दर्वे’ की ‘दवे’? शिरोरेषेवर तिथे काहीतरी आहे, पण रफार आहे की शाईचा डाग हे भिंगाखालीही ठरेना. इंग्रजी प्रतीत दोन्ही आडनावं देऊन पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे.