खेळी जुळली, म्हणजे चोरी झाली?

स्टॉकफिशसारखं इंजिन आज जगज्जेत्यालाही हरवतं, आणि ऑनलाइन डावात ते शेजारच्या मोबाईलवर उघडलं तर कोणाला दिसणार? म्हणून खेळ्याच तपासतात. बफेलो विद्यापीठातले केनेथ रेगन रेटिंगवरून अंदाज बांधतात, की या खेळाडूच्या किती खेळ्या इंजिनच्या पहिल्या पसंतीशी जुळायला हव्यात. ओपनिंगच्या पाठ खेळ्या त्यात धरत नाहीत. प्रत्यक्ष जुळणी अंदाजाहून चार प्रमाण विचलनांनी जास्त निघाली, तर निव्वळ योगायोगाने असं सुमारे 31,000 वेळांत एकदाच घडतं.

मग दोषी? इथेच गणित फिरतं. दहा लाख प्रामाणिक खेळाडू तपासले, तरी तीसेक जण याच जाळ्यात सापडतील. ज्याच्यावर आधीच वेगळा संशय आहे त्याचा असा आकडा आणि लाखोंतून उपसून काढलेल्याचा तोच आकडा, यांचं वजन सारखं नाही. त्यात रेटिंग मागे पडलेलं असेल, तर झपाट्याने सुधारणारी शाळकरी पोरंही लबाड दिसतात. खरा बिलंदर मात्र डावात एकदाच, मोक्याच्या क्षणी इंजिन बघतो आणि सरासरीत बेमालूम लपून जातो.