भिजवलेले अंजीर, प्रून्स आणि साखरेचा हिशेब

म्हातारपणी पोट साफ होईनासं झालं की घरात कुणीतरी अंजीर भिजत घालतंच. किती घालायचे, हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतं. एक म्हणतो दोन, दुसरी म्हणते पाच, वर चमचाभर मध घातला की आणखी चांगलं. पण अंजिरांच्या बाबतीत नगाला फारसा अर्थ नाही. दोरीत ओवलेल्या माळेतला एखादा अंजीर आठ ग्रॅमचा निघतो, तर दुसरा वीस ग्रॅमचा. म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा पाच अंजीर एकत्र ठेवून त्यांचं वजन बघावं आणि पाचने भागावं. पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर अवलंबून आहे.

सुक्या अंजिरात शंभर ग्रॅममागे सुमारे ४८ ग्रॅम साखर आणि १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. म्हणजे जवळजवळ निम्मं वजन साखरेचंच. पंधरा ग्रॅमचा मध्यम अंजीर धरला तर त्यात ७ ग्रॅम साखर आली, साधारण दीड छोटा चमचा, आणि तंतू जेमतेम दीड ग्रॅम. अंजिराचं पोटातलं काम मुख्यतः या तंतूंवर चालतं. ते पाणी धरून ठेवतात, मळ मऊ आणि थोडा जास्त होतो, त्यामुळे आतडं तो सहज पुढे ढकलतं. दीड ग्रॅम तंतूंनी फार काही घडत नाही. मग माणूस अंजीर वाढवतो आणि त्यांच्याबरोबर साखरही वाढते.

प्रून म्हणजे एका विशिष्ट जातीचं सुकवलेलं प्लम. आपल्याकडे भाजीत किंवा मटणात टाकायला आंबट सुका आलूबुखारा मिळतो, तो वेगळा. बिनबियांचा काळा, मऊ प्रून साडेनऊ-दहा ग्रॅमचा असतो आणि त्यात साडेतीन-पावणेचार ग्रॅम साखर असते. तंतू अंजिरापेक्षा कमीच असतात, पण प्रूनमध्ये सॉर्बिटॉल नावाची अल्कोहोल-साखर भरपूर असते, एका प्रूनमागे साधारण दीड ग्रॅम. लहान आतड्यात ती पुरती शोषली जात नाही. उरलेली मोठ्या आतड्यात पोचते, तिथे पाणी खेचून घेते आणि मळ ओला होतो. तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात, त्यातून थोडा गॅसही होतो. औषधाच्या दुकानातल्या काही रेचकांचं तत्त्वही हेच आहे. म्हणून तितकीच साखर पोटात गेली तर अंजिरापेक्षा प्रून जास्त काम करतो.

याची पारख अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी केली. ते काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. जुनाट बद्धकोष्ठाच्या ४० जणांना त्यांनी तीन आठवडे रोज १०० ग्रॅम प्रून दिले, सकाळी ५० आणि संध्याकाळी ५०. आणखी तीन आठवडे तितकेच तंतू इसबगोलातून दिले. प्रूनच्या काळात शौच जास्त वेळा आणि मोकळी झाली. पण शंभर ग्रॅम म्हणजे दहा-अकरा प्रून, आणि त्यांत साखर ३८ ग्रॅम. हा प्रयोग वृद्धांपुरता नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढ्यावर न्यायची घाई नको.

एक उदाहरण घेऊ. समजा, शहात्तर वर्षांच्या एक आजी आहेत. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन आहे, शिवाय कॅल्शियम आणि लोहाची गोळी. तीन दिवसांत एकदा शौच, तीही कुंथून. सुनेने पाच अंजीर भिजवायला सुरुवात केली, पंधरा ग्रॅमचे. म्हणजे ७५ ग्रॅम अंजीर, ३६ ग्रॅम साखर, सात छोटे चमचे. एकूण कर्बोदकं ४८ ग्रॅम, म्हणजे तीन फुलक्यांएवढी, आणि ती रोजच्या जेवणाच्या वर. पोट थोडं सुधारतं, पण जेवणानंतरची साखर वर जाते आणि मग दोष आजींच्या जिभेवर येतो.

यांनी अंजीर एकावर आणावा आणि रात्री तीन प्रून अर्धी वाटी पाण्यात भिजवावेत. दोन्ही मिळून साखर १८ ग्रॅम, म्हणजे आधीच्या निम्मी, आणि सॉर्बिटॉल चारेक ग्रॅम. चार-पाच दिवस तेवढंच ठेवून पाहायचं. पोट फुगलं नाही आणि मळ अजून खडा येत असेल, तर अंजीर काढून प्रून पाचपर्यंत न्यायचे. साखर तेवढीच राहते. हे खाल्लं त्या दिवशी चहातली साखर बंद आणि एक फुलका कमी, हे सोबत ठरवावं. आठवडाभरात दोनदा, खाल्ल्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरने मोजलं की अंदाज येतो. प्रूननं रक्तातली साखर अंजिराच्या मानानं सावकाश चढते, पण चढते.

भिजवल्यानं साखर कमी होत नाही. थोडी साखर आणि थोडं सॉर्बिटॉल पाण्यात उतरतं. पाणी प्यायलं की दोन्ही पोटात जातं आणि फेकलं तर त्यातला उपयोगाचा भागही गेला. भिजवण्याचा खरा फायदा दातांना आहे. कवळीखाली अंजिराच्या बिया अडकतात आणि कोरडं, चिवट फळ घशात अडकू शकतं. अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास असेल तर फळ कुस्करूनच द्यावं. अंजीर भिजवण्याआधी फाडून आत बघावा, कीड आतच असते. उन्हाळ्यात वाटी फ्रिजमध्ये ठेवावी. वैशाखात रात्रभर बाहेर राहिलेलं गोड पाणी सकाळी फसफसलेलं असू शकतं. आणि पाकिटावर साखर किंवा ग्लुकोज सिरप लिहिलेलं असेल तर ते पाकीट दुकानातच राहू द्यावं.

खाण्याची वेळ सकाळच्या नाश्त्याबरोबर, वर एक पेलाभर पाणी. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं, म्हणून नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत शौचालयात बसावं. कमोडवर पायाखाली लहानसं स्टूल घेतलं तर गुडघे वर येतात आणि कुंथणं कमी होतं. वृद्धांना तहान कमी लागते, म्हणून पेला हातात द्यावा लागतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण पाळावं. मूत्रपिंड कमजोर असल्यास या दोन्ही फळांतलं पोटॅशियमही भारी पडतं, तेव्हा विचारल्याशिवाय सुरू करू नये. वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल चालू असेल तर प्रूनमधल्या व्हिटॅमिन के मुळे मात्रा बिघडू शकते. रोज सारख्याच संख्येनं खावं आणि आयएनआर तपासताना डॉक्टरांना तसं सांगावं.

आजींच्या यादीकडे पुन्हा पाहिलं तर लोह आणि कॅल्शियम हे दोन्ही पोट घट्ट करणारे. अॅम्लोडिपिननंही काहींना त्रास होतो. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर यादी ठेवायची. लोहाचं क्षार बदलून किंवा मात्रा कमी करून निम्मा प्रश्न सुटू शकतो आणि मग प्रून दोनही पुरतात.

काही वेळा हे सारं बाजूला ठेवावं लागतं. चार दिवस शौच नाही, पोट टणक फुगलंय, ओकारी येतेय, तर फळं खाऊ घालू नयेत. मध्येच पातळ पाण्यासारखं गळतंय, चड्डी डागते आहे, तेव्हा घरचे जुलाब समजतात. प्रत्यक्षात गुदाशयात खडा अडकून त्याच्या कडेनं पाणी येत असतं. अशा वेळी तंतूंनी अडसर वाढतो, डॉक्टरांकडून खडा काढून घ्यावा लागतो. मळात रक्त, नकळत घटणारं वजन किंवा साठीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांतलं काही असेल तर तपासणी आधी.