डब्याचा नवा दर

महिन्याच्या डब्याचा दर वाढला, की गिऱ्हाईक आधी विचारतं: किती, आणि कधीपासून? म्हणून घरगुती डबे देणाऱ्या ताईंनी पाटी अशी लिहावी: "१ जूनपासून महिन्याचा डबा २,८०० ऐवजी ३,१०० रुपये. तेल आणि गॅस महागल्यामुळे दर वाढवत आहोत. पोळ्या चारच राहतील, भाजीही तेवढीच. आगाऊ पैसे भरलेल्यांना मुदत संपेपर्यंत जुनाच दर." भांडणं होतात ती या आगाऊ पैशांवरूनच. 'नाइलाजास्तव', 'क्षमस्व' लिहिलंत, की घासाघीस सुरू झालीच म्हणून समजा. पाटी महिनाभर आधी लावावी. पैसे घेताना तोंडी सांगितलेला नवा दर, कितीही वाजवी असला, तरी गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं.